कॉफीचं पाकीट उशीसारखं फुगलंय: व्हॉल्व्ह बिघडला की कॉफी?

पायरीवरचा

मंडळी, फोटो टाकलाय. डावीकडे पाकीट, ओट्यावर सांडलेले दाणे आणि शेजारी वाफाळता कप. कप फोटोत छान दिसतोय, पण चवीला नाही.

माहिती अशी. चिकमगळूरहून मागवलेली अरेबिका, २५० ग्रॅम, मध्यम भाजणी. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे, ती ४ दिवसांपूर्वीची. कुरियरने आलं तेव्हा पाकीट टम्म फुगलेलं होतं, बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजत होतं. पुढच्या बाजूला तो गोल व्हॉल्व्ह आहे. कात्रीने वरची पट्टी कापली तर फस्स करून हवा बाहेर आली आणि मूठभर दाणे ओट्यावर.

लगेच दळून पोअरओव्हर केली. १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी. पाणी ओतल्यावर पूड एवढी फुगली की फेस फिल्टरच्या काठापर्यंत आला. कॉफी पाणचट लागली आणि वर जिभेला आंबट टोचणारी.

प्रश्न तीन. फुगलेलं पाकीट म्हणजे माल खराब का? व्हॉल्व्ह असताना पाकीट फुगलंच कसं? आणि सांडलेले दाणे परत पाकिटात भरू की टाकून देऊ?

घाटमाथा

परत पाठवा. सरळ गोष्ट आहे. दुधाची पिशवी फुगली तर आपण ती वापरतो का? आत काहीतरी आंबलंय, म्हणून चवही आंबट. आणि तो व्हॉल्व्ह आतला ऑक्सिजन बाहेर काढायला असतो. तो चालत नसेल तर पाकीट फुगणार आणि कॉफी शिळी होणार. दोन्ही झालंय तुमच्याकडे.

भट्टीवाला

घाटमाथा, वायू आतून येतोय एवढं बरोबर. बाकी दुधाच्या पिशवीशी याचं नातं नाही.

भाजलेल्या दाण्यात पाणी उरतं साधारण २-३ टक्के. एवढ्या कोरड्या गोष्टीत काही आंबू शकत नाही, जंतूंना जगायलाच ओल नाही. हा वायू कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो भट्टीतच तयार झालेला असतो. भाजताना दाण्यातली साखर आणि आम्लं मोडतात, त्यातून तो निघतो आणि दाण्याच्या बारीक पोकळ्यांमध्ये अडकून बसतो. दाणा थंड झाला की हळूहळू झिरपत बाहेर यायला लागतो. पहिले दोन दिवस जोरात, नंतर रोज थोडा कमी, आणि पूर्ण निघायला काही आठवडे.

किती निघतो ते सांगितलं की चित्र डोळ्यासमोर येईल. एक किलो भाजलेल्या दाण्यांतून ढोबळमानाने ५ ते १० लिटर. म्हणजे तुमच्या पाव किलोतून सव्वा ते अडीच लिटर. पाकिटाचं पोट आहे जेमतेम पाऊण लिटरचं. व्हॉल्व्ह नसता तर शिवण फाटली असती.

पायरीवरचा, फुगणं हे ताजेपणाचं लक्षण आहे. पण ढोलकीसारखं वाजत होतं म्हणता, ते मला खटकतंय. चालू व्हॉल्व्हचं पाकीट मऊ उशीसारखं असतं, अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो. व्हॉल्व्ह उघडायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त लागतो, म्हणून थोडी फुगवटी राहतेच. पण टिचकीला वाजण्याइतकं ताठ व्हायचं कारण नाही. व्हॉल्व्हचा जवळून फोटो टाकता का? बाहेरून काय दिसतंय, एक भोक की पाच, आणि त्यावर काही चिकटवलंय का?

तुंगाकाठ

मी फिल्टर कॉफीवाली. ८०-२० ची पूड, दुकानात समोर दळून कागदी पुडीत देतात. घरी आणून स्टीलच्या डब्यात ओतते. पंधरा दिवसांनी वास मंदावतो. मी पण असं व्हॉल्व्हचं पाकीट आणून त्यात पूड भरून ठेवू का? रिकामी पाकिटं ऑनलाइन मिळतात म्हणे.

आणि पायरीवरचा, फेस आला म्हणून घाबरू नका. ताजी पूड असली की आमच्या फिल्टरमध्येही वरची दांडीवाली चकती उचलली जाते आणि डिकॉक्शन खाली उतरायचं थांबतं. मग चकती जरा दाबायची आणि थोडं पाणी घालून दहा मिनिटं सोडून द्यायचं.

पिशवीशास्त्री

पॅकेजिंगमध्ये काम करतो, म्हणून व्हॉल्व्हपुरतं लिहितो.

हा व्हॉल्व्ह म्हणजे नाण्याएवढी प्लास्टिकची बशी. बशीच्या तळाला बारीक भोकं. त्यावर रबराची पातळ चकती सैल बसवलेली. आणि चकती व बशीच्या मध्ये सिलिकॉन तेलाचा एक थेंब पसरलेला. सगळी गंमत त्या तेलात आहे. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी चकती तेलामुळे बशीला चिकटून राहते. आतला दाब थोडा वाढला, अगदी काही मिलिबार, की चकतीची कड उचलली जाते, वायू निसटतो आणि कड परत खाली चिकटते. बाहेरची हवा आत ढकलायला गेली तर ती चकतीला अजूनच घट्ट दाबते. ना स्प्रिंग, ना बिजागरी.

बहुतेक पाकिटांत हा व्हॉल्व्ह आतून वितळवून चिकटवलेला असतो आणि बाहेरून फक्त सुईने टोचल्यासारखी भोकं व गोल कडं दिसतं. दुसरा प्रकार बाहेरून लावायचा, जाड स्टिकरसारखा.

तो बिघडतो कसा? एक, बाहेरचं टोचणं राहून जातं. मशीनची सुई बोथट झाली की फिल्मला नुसता खळगा पडतो, आरपार भोक पडत नाही. व्हॉल्व्ह उत्तम, पण वायूला वाटच नाही. दुसरं, पुडीचा कण तेलात जाऊन बसतो आणि चकती पूर्ण टेकत नाही. मग तो दोन्हीकडून उघडा राहतो. म्हणून पूड भरायच्या पाकिटातल्या व्हॉल्व्हला आतून कागदी गाळणी असते, दाण्यांच्या पाकिटाला बऱ्याचदा नसते. तिसरं, जुन्या, गरम गोदामात पडलेल्या व्हॉल्व्हचं तेल एका बाजूला ओघळतं आणि चकती कोरडी पडते.

घाटमाथा, ऑक्सिजनचं तुम्ही म्हणता ते लोक फार मानतात, पण व्हॉल्व्हला वायूची जात कळत नाही. दाब वाढला की जे काही आत आहे ते बाहेर जातं. भरताना आत हवा राहिली असेल तर ऑक्सिजन आतच असतो.

घाटमाथा

मग माझं चुकलं कुठे? कार्बन डायऑक्साइड येतोय, दाब वाढतोय, हवा बाहेर जातेय. म्हणजे ऑक्सिजन बाहेर गेलाच की.

भट्टीवाला

जातो, पण सावकाश. तेवढ्या बाबतीत तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि तो अर्धा भाग कामाचा आहे.

हिशेब करू. २५० ग्रॅम दाणे स्वतः जागा घेतात सुमारे ४०० मिली. पाकिटाचं पोट ७०० मिली धरा. उरली ३०० मिली हवा आणि त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ६० मिली ऑक्सिजन. आता दाण्यांतून पहिले ३०० मिली वायू निघाला तर सगळी जुनी हवा बाहेर जाईल असं वाटतं. तसं होत नाही, कारण नवा वायू जुन्यात मिसळतो आणि बाहेर पडते ती मिसळ. ३०० मिली निघाल्यावरही ऑक्सिजन तिसऱ्या हिश्शाच्या वर उरलेला असतो. लिटरभर वायू निघून गेला की मग तो एक टक्क्याच्या आसपास येतो. तोवर दोन-चार दिवस, कधी जास्त, दाण्यांनी त्या ऑक्सिजनमध्ये काढलेले असतात.

म्हणून ज्यांना जमतं ते भरताना नायट्रोजन सोडतात, मग पहिल्या दिवसापासूनच ऑक्सिजन नगण्य. ज्यांच्याकडे ती सोय नाही ते पाकीट जास्तीत जास्त भरतात आणि शिवण मारायच्या आधी दोन्ही हातांनी हवा दाबून काढतात. पाकीट अर्धं रिकामं आणि हवेने भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह कितीही भारी असो, उपयोग थोडा.

तुंगाकाठ काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दळल्यावर दाण्याच्या पोकळ्या फुटतात आणि वायूचा मोठा भाग काही मिनिटांत, उरलेला थोड्या दिवसांत उडून जातो. तुम्ही पुडी घरी आणेपर्यंत व्हॉल्व्हचं काम बहुतांशी संपलेलं असतं. तुमच्या डब्याची खरी अडचण अशी की पूड खाली जाते तशी वर हवा वाढते आणि रोज झाकण उघडलं की ती नवी होते. पावशेराऐवजी १०० ग्रॅम आणा आणि तेवढ्याच मापाच्या घट्ट झाकणाच्या डबीत काठोकाठ भरा. रिकामी पाकिटं विकत घेण्यापेक्षा त्याचा फरक जास्त पडेल.

तुंगाकाठ

म्हणजे पैसे वाचले. पण एक सांगा, बाजारात ती विटेसारखी कडक पूड मिळते, व्हॉल्व्ह नसलेली. ती कशी फुगत नाही?

पिशवीशास्त्री

काकू, ती दळून काही काळ मोकळी ठेवतात, वायू जाऊ देतात आणि मग हवा ओढून बंद करतात. वायू उरलाच नाही, मग फुगणार कशी? पण वायूबरोबर थोडा सुवासही गेलेला असतो. अख्खे दाणे असे मोकळे ठेवायचे म्हटले तर दिवसच्या दिवस लागतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या गोल्यो कंपनीने हा व्हॉल्व्ह आणला तो यासाठीच, भट्टीतून काढून थंड केलेले दाणे लगेच भरता यावेत म्हणून.

पायरीवरचा

भट्टीवाला, फोटो टाकलाय. आणि मला आता जरा ओशाळल्यासारखं झालंय. कुरियरचं पत्त्याचं स्टिकर सरळ पाकिटावरच चिकटवलेलं आहे, बाहेर खोका नव्हता, नुसती पातळ प्लास्टिकची थैली. स्टिकरचा वरचा कोपरा बरोब्बर व्हॉल्व्हवर बसलाय. मी व्हॉल्व्हचं फक्त अर्धं कडं पाहिलं होतं.

पिशवीशास्त्री

सापडला चोर!

स्टिकर हळूच सोलून काढा. केस वाळवायच्या ड्रायरने दहा-पंधरा सेकंद गरम केलं की गोंद सैल पडतो. ओढून काढलं तर भोकांत गोंदाचे तंतू राहतात. मग ही तपासणी करा. पाकिटाला झिप आहे ना? ती नीट बंद करा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा बोट फिरवून. पाकीट दोन्ही तळव्यांत धरून दाबा आणि व्हॉल्व्ह गालाजवळ धरा. झुळूक लागली तर वाट मोकळी आहे. आता दाबून पाकीट चपटं करा आणि टेबलावर ठेवा. पाच मिनिटांत ते परत फुगून सरळ झालं तर हवा आत येतेय, व्हॉल्व्हमधून किंवा झिपमधून. पाच मिनिटं खळगा तसाच राहिला आणि उद्यापर्यंत हळूहळू भरला तर तो दाण्यांचा स्वतःचा वायू आहे, काळजी नको. मिनिटांत फुगणं आणि दिवसात फुगणं हा फरक लक्षात ठेवा.

न उघडलेल्या पाकिटाची शंका आली तर बादलीत बुडवून दाबायचं. बुडबुडे फक्त व्हॉल्व्हमधून आले पाहिजेत. कोपऱ्यातून किंवा तळाच्या घडीतून आले तर शिवण कच्ची आहे. एक खबरदारी घ्या. दाबलेलं पाकीट पाण्यात असताना सैल सोडू नका. आधी बाहेर काढा, पुसा, मग हात सैल करा. नाहीतर शिवण कच्ची असल्यास पाणी आत ओढलं जाईल.

वाळूघड्याळ

दुबईहून. माझ्याकडे नेमकं उलटं झालं. पुण्याहून चेक-इन बॅगेत दोन पाकिटं आणली, तीच व्हॉल्व्हवाली. इथे उघडून पाहतो तर दोन्ही विटेसारखी चपटी, दाण्यांचे उंचवटे वरून दिसतात. व्हॉल्व्ह फुटून वायू गेला का? मीही परत करू का?

भट्टीवाला

तुमचा व्हॉल्व्ह धडधाकट आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच हातात आहे.

विमान वर गेलं की आतला दाब जमिनीपेक्षा बराच कमी होतो, दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. पाकिटातला वायू पसरला, जादाचा व्हॉल्व्हमधून गेला. विमान उतरलं, बाहेरचा दाब परत वाढला, पण व्हॉल्व्हने हवा आत येऊ दिली नाही. म्हणून पाकीट चिमटलं. गळका व्हॉल्व्ह असता तर पाकीट पुण्यात होतं तसंच मऊ दिसलं असतं. दाणे ताजे असतील तर एक-दोन दिवसांत ते पुन्हा सैल होईल. महिनाभर जुने असतील तर तसंच राहील. त्यात वाईट काही नाही.

महाबळेश्वरला नेलेलं पाकीट वर फुगतं आणि खाली आणल्यावर बसतं, तेही याच कारणाने.

वाळूघड्याळ

हे भारी आहे. परत करत नाही.

पायरीवरचा

रिपोर्ट. स्टिकर ड्रायरने निघालं. खाली पाच बारीक भोकं. झिप लावून दाबलं, गालाला झुळूक लागली. चपटं करून ठेवलं, पाच मिनिटांनी तसंच होतं. आज सकाळी पाहिलं तर थोडं सैल झालंय. म्हणजे व्हॉल्व्ह पास.

आता चवीचं सांगा. आणि सांडलेल्या दाण्यांचं. ते मी एका वाटीत काढून ठेवलेत.

घाटमाथा

एक शंका. स्टिकरचा फक्त कोपरा व्हॉल्व्हवर होता, त्याने वायू पूर्ण कसा अडेल? कागदाच्या खालून निसटायला जागा असतेच की.

पिशवीशास्त्री

रास्त शंका आहे. कुरियरचं स्टिकर बऱ्याचदा प्लास्टिकचं असतं आणि गोंद जाड असतो, तो भोकांवर बसला तर पुरतं बुजवतो. पण पाचपैकी एखादं भोक जरी उघडं असतं तरी पाकीट एवढं ताठ व्हायला नको होतं, हेही खरं. प्रवासात शेजारच्या पार्सलांखाली दबून स्टिकर अजून घट्ट बसलं असेल. भट्टीतून काढल्यावर फार लवकर भरलं असेल तर पहिल्या दिवसाचा लोंढा मोठा असतो, तेही एक कारण. नक्की कुठलं, ते पाकीट बंद असताना पाहिलं असतं तरच सांगता आलं असतं.

भट्टीवाला

चवीचं.

पायरीवरचा, तुमची कॉफी पाणचट आणि आंबट लागली ती वायूमुळेच. पुडीच्या प्रत्येक कणातून वायू बाहेर ढकलतोय, तेव्हा पाणी आत शिरत नाही. ते फेसाला वळसा घालून खाली उतरतं. आंबट चव पुडीतून लवकर सुटते, गोड आणि कडसर चव मागून येते. पाण्याला मागचं काढायला वेळच मिळाला नाही. जिभेला टोचणारं जे होतं त्यात पाण्यात विरघळलेल्या वायूचाही थोडा हात आहे, सोड्यासारखा.

उपाय सोपा, थांबा. मध्यम भाजणी पोअरओव्हरला भाजल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी बसते. फिकट भाजणीला दोन आठवडेही लागतात. गडद भाजणीचा दाणा जास्त सच्छिद्र असतो, त्याचा वायू लवकर जातो, तो चार-पाच दिवसांत तयार. एस्प्रेसोला याहून जास्त थांबायला हवं, कारण तिथे वायूचा त्रास दुप्पट.

आजच प्यायची असेल तर असं करा. १५ ग्रॅम पूड फिल्टरमध्ये सपाट करा. पाणी उकळी आल्यावर अर्धं मिनिट थांबून घ्या. पहिलं पाणी ४५ ग्रॅम, काट्यावर मोजून. चमच्याच्या टोकाने पूड तळापासून दोन-तीनदा हलवा, कोरड्या गाठी राहू देऊ नका. मग ४५ सेकंद हात लावू नका. पूड पावासारखी फुगेल, वर बुडबुडे फुटतील, मग मधोमध खळगा पडेल आणि चकाकी जाऊन ती मळकट दिसायला लागेल. चार दिवसांच्या दाण्यांना ४५ ऐवजी ६० सेकंदही द्या. मग उरलेलं १९५ ग्रॅम दोन हप्त्यांत, बारीक धारेने, मधून बाहेर गोल फिरवत. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास उतरलं पाहिजे. दोन मिनिटांतच संपलं तर दळण एक घर बारीक करा.

तुम्ही पहिल्या ओतणीला किती पाणी घातलं होतं?

पायरीवरचा

मोजलं नव्हतं. अंदाजे १०० मिली एकदमच ओतलं आणि लगेच पुढचं सुरू केलं.

भट्टीवाला

मग फेस काठापर्यंत येणारच.

सांडलेल्या दाण्यांकडे या. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. ओटा कोरडा दिसतोय, पण मागे मसाल्याचा डबा उघडा आहे. कॉफीचा दाणा वास ओढून घेतो. हिंग, मसाला, लसूण काहीही. म्हणून सांडलेले परत पाकिटात घालू नका, ते वेगळे ठेवून आधी संपवा. आणि वाटीत आहेत तर उजेडात एकदा पसरून बघा. फोटोत उजव्या कोपऱ्यात दोन दाणे बाकीच्यांपेक्षा स्पष्ट फिकट आहेत, शेंगदाण्याच्या रंगाचे. ते कच्च्या फळातले दाणे, भट्टीत कितीही ठेवले तरी रंग घेत नाहीत. एक जरी कपात आला तरी कागदासारखी, भुईमुगाच्या टरफलासारखी चव येते. दळायच्या आधी काढून टाका. खडा दिसला तर तोही. ग्राइंडरच्या पात्यांना तो एका फटक्यात दाता पाडतो.

पायरीवरचा

दोन नाही, तीन निघाले. खडा नाही.

तुंगाकाठ

बघा, दाणे सांडल्याचा फायदा झाला की नाही!

पिशवीशास्त्री

उघडल्यानंतरच्या साठवणीबद्दल एक. तुमच्या पाकिटाचा कागद बाहेरून तपकिरी दिसतोय. तपकिरी कागद हवा अडवत नाही, अडवतो तो आतला थर. मोबाइलचा टॉर्च लावून पाकिटात घाला आणि खोलीत अंधार करून बाहेरून बघा. मिट्ट काळं दिसलं तर आत ॲल्युमिनियमची पन्नी आहे, उत्तम. धुरकट उजेड दिसला तर ॲल्युमिनियमचा नुसता मुलामा दिलेली फिल्म आहे, महिनाभराला ठीक. स्वच्छ उजेड आला तर साधं प्लास्टिक आहे, आणि त्यावरचा व्हॉल्व्ह शोभेचा.

झिप लावताना कडेला अडकलेली पूड आणि दाण्यांची सालं कोरड्या कापडाने पुसा, झिप गळते ती त्यामुळेच. मग झिप लावून पाकीट दाबा आणि आतली हवा व्हॉल्व्हमधून काढा. उघडलेल्या पाकिटात व्हॉल्व्हचा हाच काय तो उपयोग.

भट्टीवाला

इथे माझं मत वेगळं. आठवड्याच्या आत संपणार असेल तर सारखं दाबायची गरज नाही. ताजे दाणे आत स्वतःचा वायू भरतातच, तुम्ही दाबून तोच बाहेर घालवता आणि सुवास त्याच्याबरोबर जातो. दुकानात पाकीट दाबून व्हॉल्व्हला नाक लावणारे लोक नेमकं हेच करतात.

पिशवीशास्त्री

उघडताना आत हवा शिरलीच ना? दाबलं नाही तर ती रोज दाण्यांवरच बसून राहणार. पाकीट अर्ध्याच्या खाली गेलं की मी तरी दाबणारच.

भट्टीवाला

अर्ध्याच्या खाली गेल्यावर ठीक. पहिल्या आठवड्यात नाही.

वाळूघड्याळ

दाणे काचेच्या बरणीत घालून घट्ट झाकण लावलं तर?

भट्टीवाला

भाजून दोन आठवडे झालेले असतील तर चालेल, अंधाऱ्या कपाटात. त्याआधी रबरी कड्याच्या चापवाल्या बरणीतच घाला. तिचं झाकण दाब वाढला की स्वतःच किंचित उचललं जातं. आट्याच्या झाकणाची घट्ट बरणी ताज्या दाण्यांनी काठोकाठ भरू नका. आत दाब साठतो आणि उघडताना झाकण हातात उडतं.

घाटमाथा

मी फ्रीजमध्ये ठेवतो. पावसाळ्यात मुंबईत बाहेर काही टिकत नाही.

भट्टीवाला

खालच्या कप्प्यात नको. रोज काढ-घाल केली की प्रत्येक वेळी थंड दाण्यांवर दव बसतं आणि पावसाळ्यात तर जास्तच. दोन-तीन टक्के ओलीचा दाणा ते ओढून घेतो आणि मऊ पडतो. दळताना कडकन फुटत नाही, पातं घसरल्यासारखं वाटतं, ही खूण. ठेवायचेच तर फ्रीझरमध्ये, आठवड्याला पुरतील एवढ्या लहान पुड्या करून, हवा काढून. एक पुडी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, तास-दोन तास, उघडायची नाही. आणि उघडली की परत आत ठेवायची नाही.

घाटमाथा

अख्खं बंद पाकीट व्हॉल्व्हसकट फ्रीझरमध्ये घातलं तर?

पिशवीशास्त्री

थंडीत आतला वायू आकसतो, व्हॉल्व्हवर बाहेरून दाब येतो. चांगला व्हॉल्व्ह झेलतो. तेल एका बाजूला गेलेला जुना व्हॉल्व्ह झेलेल असं नाही. म्हणून लोक भोकांवर चिकटपट्टी लावतात. मी लावतो.

भट्टीवाला

मी लावत नाही. पट्टी काढायची विसरलात तर बाहेर आल्यावर पुन्हा पायरीवरचा यांचं स्टिकर.

पायरीवरचा

आठव्या दिवसाचा रिपोर्ट. ४५ ग्रॅम पाणी, हलवून ४५ सेकंद. पूड फुगली, पण काठाच्या दोन बोटं खालीच थांबली. एकूण २ मिनिटं ५० सेकंद. आंबटपणा आहे, पण आता संत्र्यासारखा, टोचत नाही, आणि शेवटी गुळासारखं काहीतरी. टॉर्च लावून पाहिलं, धुरकट उजेड येतो.

विक्रेत्याला कळवलं की स्टिकर मागच्या बाजूला लावा. ते म्हणाले, मागे व्हॉल्व्ह नाही पण बारकोड आहे, तो झाकला की कुरियरचं यंत्र अडतं. आता कडेच्या घडीवर लावून बघणार आहेत. पिशवीशास्त्री, तिथे चिकटेल का?

पिशवीशास्त्री

घडीवर अर्धं उठून येईल. व्हॉल्व्हच्या चार बोटं खाली लावा म्हणावं, पुढच्याच बाजूला. पुढची बाजू १२ सेंटिमीटर रुंद दिसतेय, स्टिकर १० चं असेल तर बसतं.